मागील पानावरून आलेला प्रवाह

आरएल परिपथाचे पाठ्यपुस्तकातले पहिले उदाहरण नेहमी रिकाम्या कॉइलपासून सुरू होते. स्विच बंद केला, प्रवाह शून्यापासून वाढत गेला, आणि उत्तर आले:

i(t) = (V/R)(1 − e^(−Rt/L))

हे सूत्र एकदा पाठ झाले की ते नको तिथेही लावले जाते. प्रत्यक्षात कॉइल रिकामी असेलच असे नाही. व्होल्टेज बदलले जाते, स्विच उघडून पुन्हा बंद होतो, आधीचा प्रवाह पुरता ओसरण्याआधी नवी पायरी येऊन पडते. अशा वेळी कॉइलमध्ये आधीच काही प्रवाह असतो आणि वरचे सूत्र चुकीचे उत्तर देते. लाप्लास रूपांतराची पद्धत इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, कारण सुरुवातीच्या प्रवाहासाठी तिच्यात हक्काची जागा आहे. ती जागा नेमकी कुठे, तिचे चिन्ह कोणते आणि उत्तर बरोबर आले की नाही हे कसे ओळखायचे, हे एकच उदाहरण हाती धरून पाहू. रूपांतरांचा तक्ता कसा वाचायचा आणि आंशिक अपूर्णांक कसे करायचे हे तुम्हाला माहीत आहे असे मी धरून चालतो.

उदाहरण असे: एका विद्युतचुंबकाची कॉइल आहे. तिचा रोध ८ ओहम आणि इंडक्टन्स ०.४ हेन्री. ती डीसी सप्लायला जोडलेली आहे आणि सप्लाय बराच वेळ ८ व्होल्टवर ठेवलेला आहे. t = 0 या क्षणी सप्लायचे व्होल्टेज एकदम २४ व्होल्ट होते. त्यानंतरचा प्रवाह काढायचा आहे.

लाप्लासला हात घालण्याआधी एक काम उरकायचे: पायरी येण्याच्या अगदी आधीच्या क्षणी कॉइलमध्ये किती प्रवाह होता ते शोधायचे. हे काम जुन्या परिपथात करायचे असते, नव्या नाही. परीक्षेत घाई करणारे इथेच २४ व्होल्ट घेऊन बसतात. जुन्या परिपथात ८ व्होल्ट होते आणि ते बराच वेळ होते. ‘बराच वेळ’ म्हणजे किमान पाच टाइम कॉन्स्टंट. आपला टाइम कॉन्स्टंट L/R म्हणजे ०.४ भागिले ८, म्हणजे ०.०५ सेकंद किंवा ५० मिलिसेकंद. तेव्हा पाव सेकंदाहून जास्त वेळ सप्लाय स्थिर असेल तर प्रवाह स्थिरावलेला आहे असे धरायला हरकत नाही. स्थिर प्रवाहात कॉइलच्या इंडक्टन्सवर व्होल्टेज नसते, सगळे व्होल्टेज रोधावर पडते. म्हणून जुना प्रवाह ८ भागिले ८, म्हणजे १ अँपिअर.

हाच १ अँपिअर पायरी आल्याच्या पुढच्या क्षणीही असतो. कॉइलवरचे व्होल्टेज L di/dt असते. प्रवाहाने क्षणात उडी मारायची तर di/dt अनंत व्हावा लागेल आणि तेवढे व्होल्टेज द्यायला परिपथात कोणी नाही. म्हणून i(0−) आणि i(0+) एकच. पुढे मी नुसते i(0) लिहीन.

आता नव्या परिपथाचे समीकरण मांडू:

L di/dt + R i = V

याचे लाप्लास रूपांतर घेताना डाव्या बाजूच्या पहिल्या पदात सगळी गोम आहे. di/dt चे रूपांतर नुसते sI(s) नसते, ते sI(s) − i(0) असते. हा i(0) कुठून आला ते एकदा स्वतः करून पाहावे: रूपांतराच्या व्याख्येतल्या इंटिग्रलला खंडशः संकलन लावले की खालच्या मर्यादेवर, म्हणजे शून्यावर, i(0) उरतो. तो वजा चिन्हाने उरतो, कारण ती खालची मर्यादा आहे. तर समीकरण झाले:

L[s I(s) − i(0)] + R I(s) = V/s

वजा L i(0) हे पद उजवीकडे नेले:

(sL + R) I(s) = V/s + L i(0)

या एका ओळीवर थोडा वेळ थांबू, कारण पुढे चुकण्याच्या बहुतेक जागा इथूनच फुटतात.

डावीकडे परिपथाचा इंपिडन्स गुणिले प्रवाह आहे. म्हणजे उजवीकडे जे आहे ते या परिपथाला ढकलणारे एकूण व्होल्टेज. त्यात दोन स्रोत आहेत: एक खरा सप्लाय, V/s, आणि दुसरा L i(0), जो प्रत्यक्षात कुठेही जोडलेला नाही. हिशेबाच्या वहीत मागील पानावरची शिल्लक नव्या पानाच्या पहिल्या ओळीत येते, तसे हे पद आहे. आपण t = 0 ला नवे पान उघडले; त्याआधी काय घडले याची एकच नोंद पुढे येते, ती म्हणजे कॉइलमधला प्रवाह. ८ व्होल्टचा सप्लाय, तो किती वेळ चालू होता, त्याआधी काय होते, हे सगळे त्या एका आकड्यात सामावलेले असते.

एककेही तपासून घ्या. V/s चे एकक व्होल्ट-सेकंद, कारण s चे एकक सेकंदाचा व्यस्त. L i(0) चे एकक हेन्री गुणिले अँपिअर, तेही व्होल्ट-सेकंदच. दोन्ही पदे एकमेकांत मिळवता येतात. कोणी L विसरून नुसता i(0) उजवीकडे लिहिला तर व्होल्ट-सेकंदात अँपिअर मिळवल्यासारखे होते आणि चूक तिथेच पकडता येते. L i(0) हा कॉइलच्या वेढ्यांना जोडलेला एकूण चुंबकीय प्रवाह आहे. आपल्या उदाहरणात ०.४ व्होल्ट-सेकंद. रिकाम्या कॉइलला ०.४ व्होल्ट-सेकंदाचा एक क्षणिक आवेग दिला तर तिच्यात एकदम १ अँपिअर उभा राहतो. s च्या जगात आवेगाचे रूपांतर स्थिर आकडा असते, म्हणूनच L i(0) च्या खाली s नाही. ज्यांनी तिथे सवयीने L i(0)/s लिहिले, त्यांनी सुरुवातीच्या प्रवाहाचे रूपांतर कायमस्वरूपी बॅटरीत केले.

परिपथाची आकृती s मध्ये काढणार असाल तर कॉइलच्या जागी sL हा इंपिडन्स आणि त्याच्याशी सिरीजमध्ये L i(0) चा स्रोत काढा. त्याची दिशा अशी ठेवायची की तो i(0) च्याच दिशेने प्रवाह ढकलेल, म्हणजे i(0) ज्या टोकातून बाहेर पडतो त्या टोकाला त्याचे धन चिन्ह. हे रट्टा मारून लक्षात ठेवण्यापेक्षा कारण लक्षात ठेवा: कॉइल आपला प्रवाह टिकवायला पाहते, म्हणून तिचा स्रोत त्या प्रवाहाला साथ देतो. समांतर रूपही आहे: sL ला समांतर i(0)/s चा करंट सोर्स. नोड पद्धतीत ते सोयीचे पडते, पण एकाच लूपच्या आपल्या परिपथात त्याची गरज नाही.

आता आकडे घालू. V = 24, R = 8, L = 0.4, i(0) = 1.

(0.4s + 8) I(s) = 24/s + 0.4

दोन्ही बाजूंना ०.४ ने भागून उजवी बाजू एका छेदावर आणली की:

I(s) = (s + 60) / [s(s + 20)]

आंशिक अपूर्णांक करताना s = 0 पाशी ६० भागिले २०, म्हणजे ३; आणि s = −20 पाशी ४० भागिले −२०, म्हणजे −२.

I(s) = 3/s − 2/(s + 20)

i(t) = 3 − 2 e^(−20t) अँपिअर

सर्वसाधारण रूपात हेच उत्तर असे दिसते:

i(t) = V/R + [i(0) − V/R] e^(−Rt/L)

शेवटचा प्रवाह, अधिक (सुरुवातीचा वजा शेवटचा) गुणिले घातांकी घट. एका कॉइलच्या परिपथात हे सूत्र लाप्लासशिवायही लिहिता येते आणि अनुभवी माणूस तसेच लिहितो. मग लाप्लास कशाला? कारण परिपथात दुसरी कॉइल किंवा कपॅसिटर आला की हा शॉर्टकट संपतो आणि L i(0) चा स्रोत मात्र तसाच चालू राहतो. सोप्या उदाहरणावर हात बसवायचा तो पुढच्या अवघडासाठी.

उत्तराचा अर्थ पाहू. ५० मिलिसेकंदांनी प्रवाह सुमारे २.२६ अँपिअर होतो, १०० नंतर २.७३, आणि पाव सेकंदाने ३ ला जवळजवळ टेकतो. समजा विद्युतचुंबकाला पकड घेण्यासाठी २ अँपिअर लागतात. आपल्या समीकरणात 2 e^(−20t) ची किंमत १ व्हायला हवी, म्हणजे ५० गुणिले ln 2, सुमारे ३४.७ मिलिसेकंद. कॉइल रिकामी असती तर त्याच २४ व्होल्टला २ अँपिअर गाठायला ५० गुणिले ln 3, म्हणजे सुमारे ५४.९ मिलिसेकंद लागले असते. आधीच्या १ अँपिअरने २० मिलिसेकंद वाचवले. टाइम कॉन्स्टंट मात्र दोन्हीकडे ५० च राहिला. सुरुवातीचा प्रवाह घटण्याचा वेग बदलत नाही, फक्त किती अंतर कापायचे ते बदलतो.

आता सर्वांत फसव्या जागेकडे येतो. व्होल्टेज ८ वरून २४ वर गेले, म्हणजे उडी १६ व्होल्टची. मग पायरीचे रूपांतर 24/s घ्यायचे की 16/s? मी वर २४ घेतले, कारण t = 0 नंतर कॉइलला प्रत्यक्षात २४ व्होल्ट मिळतात आणि आपले रूपांतर एकतर्फी आहे; शून्याच्या अलीकडे ते पाहतच नाही. आधीचे ८ व्होल्ट i(0) मध्ये जमा होऊन पुढे आलेलेच आहेत.

१६ घेऊनही उत्तर काढता येते, पण मग खाते वेगळे मांडावे लागते. प्रवाहातली फक्त वाढ शोधायची, तिची सुरुवात शून्य धरायची, 2(1 − e^(−20t)) हे उत्तर काढायचे आणि शेवटी त्यात जुना १ अँपिअर मिळवायचा. बेरीज पुन्हा 3 − 2 e^(−20t) च येते. दोन्ही वाटा बरोबर आहेत. चूक होते ती दोन्ही एकत्र केल्यावर: 16/s घेतले आणि शेजारी L i(0) ही ठेवले. तेव्हा उत्तर येते 2 − e^(−20t). दिसायला अगदी नीटनेटके, सुरुवातही १ अँपिअरपासून. पण शेवट २ अँपिअरवर, आणि २४ व्होल्टच्या सप्लायला जोडलेल्या ८ ओहमच्या कॉइलमध्ये शेवटी २ अँपिअर वाहणे शक्य नाही.

दुसरी नेहमीची चूक चिन्हाची. L i(0) उजवीकडे नेताना वजाच राहू दिला तर उत्तर येते 3 − 4 e^(−20t). याचा शेवट ३ वर, अगदी बरोबर. पण सुरुवात −१ अँपिअरपासून.

म्हणून दोन्ही टोके तपासायची, एक तपासून भागत नाही. पहिल्या चुकीत सुरुवात बरोबर आणि शेवट चूक, दुसऱ्या चुकीत शेवट बरोबर आणि सुरुवात चूक. तपासणीला उलट रूपांतराचीही गरज नाही. s I(s) घ्या. s अनंताकडे नेला की सुरुवातीची किंमत मिळते, s शून्याकडे नेला की शेवटची. आपल्या I(s) साठी s I(s) म्हणजे (s + 60)/(s + 20): अनंताकडे १, शून्याकडे ३. आंशिक अपूर्णांकांना बसण्याआधीच, अर्ध्या मिनिटात चूक सापडते. अंशातल्या s चा सहगुणक हाच सुरुवातीचा प्रवाह असतो, हेही नजरेत बसू द्या. अंशात s नसेल आणि कॉइलमध्ये प्रवाह असल्याचे प्रश्नात सांगितले असेल, तर तो कुठेतरी गळाला आहे.

अर्थात −१ अँपिअरही खरा असू शकतो. आधीचा सप्लाय उलट जोडलेला असता तर i(0) ऋण असता आणि 3 − 4 e^(−20t) हेच बरोबर उत्तर ठरले असते. तेव्हा प्रवाह आधी शून्यापर्यंत उतरतो, तिथे पोचायला ५० गुणिले ln(4/3), म्हणजे साधारण १४.४ मिलिसेकंद घेतो आणि मग उलट दिशेने चढतो. म्हणून गणिताच्या सुरुवातीलाच कागदावर प्रवाहाचा एक बाण काढा आणि शेवटपर्यंत तो बदलू नका. i(0) चे चिन्ह त्या बाणावरून ठरते, मनावरून नाही.

अजून एक सापळा कॉइलवरचे व्होल्टेज काढताना आहे. I(s) हातात आल्यावर अनेकजण सरळ sL ने गुणतात. आपल्या उदाहरणात तसे केले तर sL I(s) ची किंमत 0.4 + 16/(s + 20) येते. त्यातला एकटा 0.4 उलट रूपांतरात t = 0 ला अनंत उंचीचा आवेग देतो. परिपथात असे काही घडलेले नाही. कॉइलचे व्होल्टेज sL I(s) − L i(0) असते, तो 0.4 वजा झाला की उरते 16/(s + 20), म्हणजे 16 e^(−20t) व्होल्ट. पहिल्याच क्षणाशी ताडून पाहा: सप्लाय २४, रोधावर १ अँपिअर गुणिले ८ म्हणजे ८ व्होल्ट, उरलेले १६ इंडक्टन्सवर. उत्तरात विनाकारण आवेग दिसला, तर वजा करायचा L i(0) राहून गेला असे समजा. आवेग असा मोकळा आकडा होऊनच डोकावतो.

ऑलिव्हर हेविसाइड (१८५०–१९२५) याचे नाव पायरीच्या फलनाला मिळाले. परिपथांची विकल समीकरणे बीजगणितासारखी सोडवण्याची वाट त्यानेच रूढ केली. पण त्याच्या रीतीत परिपथ आधी शांत असल्याचे सहसा गृहीत धरलेले असते. सुरुवातीच्या स्थितीला आपोआप जागा मिळते ती एकतर्फी लाप्लास रूपांतरात, आणि परिपथाच्या अभ्यासक्रमांत नंतर तेच टिकले यात नवल नाही.

आता हीच पद्धत कॉइल बंद करतानाही वापरू. सप्लाय चालू असताना प्रवाह ३ अँपिअरवर स्थिरावला आहे. कॉइलला उलट्या दिशेने एक डायोड समांतर लावलेला आहे, रिलेच्या सर्किटमध्ये असतो तसा. स्विच उघडला की कॉइलचा प्रवाह त्या डायोडमधून फिरू लागतो. वाहणाऱ्या सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट पडतात आणि ते प्रवाहाला विरोध करतात. म्हणजे कॉइलच्या दृष्टीने ही उणे ०.७ व्होल्टची पायरीच आहे, आणि सुरुवातीचा प्रवाह ३ अँपिअर. घड्याळ पुन्हा शून्यावर आणा; स्विच उघडला तो क्षण आता t = 0.

(0.4s + 8) I(s) = −0.7/s + 1.2

इथे L i(0) हा ०.४ गुणिले ३, म्हणजे १.२. सोडवल्यावर:

i(t) = −0.0875 + 3.0875 e^(−20t)

सुरुवात ३, बरोबर. शेवट मात्र −०.०८७५ अँपिअर, आणि डायोडमधून उलटा प्रवाह वाहत नाही. गणित चुकलेले नाही, समीकरणाची मुदत संपलेली आहे. प्रवाह शून्याला पोचतो त्या क्षणी डायोड बंद होतो, उणे ०.७ व्होल्टची पायरी नाहीशी होते आणि आपले समीकरण तिथेच थांबते. तो क्षण येतो ५० गुणिले ln(3.0875/0.0875), म्हणजे सुमारे १७८ मिलिसेकंदांनी. लाप्लासचे उत्तर आपल्या मुदतीबद्दल काही बोलत नाही. ज्या परिपथाचे समीकरण मांडले तो परिपथ अनंत काळ तसाच राहील असे ते धरून चालते. मुदत पाहण्याची जबाबदारी आपली.

१७८ मिलिसेकंद हा काळ पकड सोडण्यासाठी बराच मोठा आहे. डायोडसोबत झेनर जोडून विरोधी व्होल्टेज एकूण २४ केले तर समीकरणात फक्त एक आकडा बदलतो. उत्तर येते −3 + 6 e^(−20t), आणि शून्य गाठले जाते ५० गुणिले ln 2, म्हणजे ३४.७ मिलिसेकंदांत. किंमत स्विचला मोजावी लागते: उघडण्याच्या क्षणी त्याच्या टोकांवर सप्लायचे २४ आणि कॉइलचे २४ मिळून ४८ व्होल्ट येतात. स्विच म्हणून ट्रान्झिस्टर निवडताना हा ४८ लक्षात नसला तर झेनरने वाचवलेला वेळ ट्रान्झिस्टर गमावण्यात जातो.

आणि प्रवाह पुरता स्थिरावण्याआधीच स्विच उघडला तर? समजा २४ व्होल्टची पायरी आल्यावर ३० मिलिसेकंदांतच सप्लाय तोडला. तेव्हा सुरुवातीचा प्रवाह ३ अँपिअर नाही. आधीच्या टप्प्याच्या उत्तरात t = 0.03 घाला: 3 − 2 e^(−0.6), म्हणजे सुमारे १.९० अँपिअर. हा आकडा पुढच्या टप्प्याचा i(0). टप्पे कितीही असोत, रीत हीच: एका टप्प्याचा शेवट दुसऱ्याची सुरुवात, आणि प्रत्येक टप्प्याला घड्याळ नव्याने शून्य. घड्याळ शून्यावर न आणता घातांकात जुनाच t ठेवणे ही टप्प्यांच्या गणितातली सर्वांत जास्त आढळणारी चूक. साध्या डायोडसह या १.९० अँपिअरला शून्यावर यायला सुमारे १५६ मिलिसेकंद लागतात. प्रवाह तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी होता, वेळ मात्र आठव्या हिश्शाएवढाच वाचला. घातांकी शेपटीचा स्वभावच तसा.

हे सगळे संगणकावर पडताळायचे असेल तर स्पाइस प्रोग्रॅमला एवढे पुरते:

```
RL step, nonzero initial current
V1 1 0 DC 24
R1 1 2 8
L1 2 0 0.4 IC=1
.tran 0.1m 0.3 UIC
.end
```

दोन गोष्टी सांभाळा. `UIC` लिहिले नाही तर प्रोग्रॅम आधी स्थिर अवस्था शोधतो आणि ३ अँपिअरची सरळ आडवी रेघ काढून देतो. रेघ आडवी आली तर आधी ही जागा तपासा. आणि `IC` चा प्रवाह कॉइलच्या पहिल्या नोडकडून दुसऱ्याकडे धन मानला जातो. `L1 2 0` ऐवजी `L1 0 2` लिहिले तर तोच १ अँपिअर उलटा धरला जाईल.

प्रयोगशाळेतल्या खऱ्या कॉइलवर मात्र आलेख तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नका. बेंच सप्लायचे व्होल्टेज चढायला स्वतःचा वेळ लागतो. तो ५० मिलिसेकंदांच्या मानाने नगण्य असेल तरच त्याला पायरी म्हणायचे. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणून ६० अंशांनी तापलेली ८ ओहमची कॉइल साडेनऊच्या पुढे, ९.९ ओहमच्या आसपास जाते आणि ३ अँपिअरऐवजी २.४ वर थांबते. लोखंडी गाभा संपृक्त होऊ लागला की इंडक्टन्स घटतो आणि प्रवाह सूत्राने सांगितल्यापेक्षा लवकर चढतो. गाभ्यातला दांडा आत खेचला जाणारा सॉलेनॉइड असेल तर दांडा सरकताना इंडक्टन्स वाढतो आणि चढत्या आलेखात मध्येच एक खाच दिसते. L स्थिर नसेल तिथे L di/dt हे पदच अपुरे पडते आणि त्याबरोबर वरचे सगळे गणितही. ऑसिलोस्कोपवर खाच दिसली तर दांडा घट्ट धरून ठेवून पुन्हा मोजा. खाच गेली तर दोष मोजणीत नव्हता, L स्थिर धरण्यात होता.